आम्ल व पाणी यांचे मिश्रण करण्यात यावे

गडचिरोलीतल्या आश्रमशाळांच्या प्रयोगशाळेत सुरक्षा-सूचना मराठीतून लावायच्या, असे समजा एका समितीने ठरवले. पोरगा घरी माडिया बोलतो, वर्गात मराठी लिहितो आणि बाटलीवरचे इंग्रजी वाचतो. उरली होती ती शासकीय मराठी. तिचीही सोय झाली.

मूळ पत्रकात साधे वाक्य होते: आम्ल पाण्यात हळूहळू ओता, पाणी आम्लात कधीही ओतू नका. समितीला ते फारच घरगुती वाटले. नवे वाक्य आले: ‘आम्ल व पाणी यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करण्यात यावे.’ शिपायाने वाचून विचारले, “पण कायच्यात काय टाकाचं जी?” हा प्रश्न कार्यकक्षेबाहेरचा ठरला.

संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या 1.84 पट जड. त्यावर पाणी ओतले की ते वरच राहते, मिसळण्याची उष्णता त्या पातळ थरात साठते, पाणी तिथल्या तिथे उकळते आणि आम्लाचे थेंब घेऊन तोंडावर उडते. उलट केले तर जड आम्ल खाली उतरते आणि उष्णता सगळ्या पाण्यात पसरते. ढवळत, थोडे थोडे ओतले की पात्र गरम होऊन भागते. सगळी सुरक्षितता ‘पाण्यात’मधल्या ‘त’वर उभी होती. समितीने नेमका तोच काढला.

मग कुणाला ‘संहत’ जड गेले, ‘तीव्र’ केले. ‘विरल’चे झाले ‘सौम्य’. पण तीव्र-सौम्य हा आम्लाचा स्वभाव आहे, म्हणजे पाण्यात त्याचे आयन कितपत सुटतात ते; संहत-विरल म्हणजे त्यात पाणी किती. ॲसेटिक आम्ल स्वभावाने सौम्यच, तरी संहत असले तर कातडी भाजते. नव्या पत्रकाप्रमाणे ‘सौम्य’ म्हणजे पाणी घातलेले, मग पोरगा निर्धास्त हात घालणारच.

स्पिरिटच्या बाटलीवर ‘इन्फ्लेमेबल’ होते. ‘इन’ म्हणजे नकार, या न्यायाने भाषांतर झाले ‘अज्वलनशील’. इंग्रजीत त्याचा अर्थ पेट घेणारे असाच होतो, पण व्याकरणापुढे आगीचे काय चालणार! पुढची सूचना होती ‘थंड जागी ठेवावे’. मे महिन्यात शेजारच्या चंद्रपुरात पारा अनेकदा 45 च्या वर जातो आणि स्पिरिटच्या वाफेला ठिणगीने पेटायला विशीच्या आतले तापमानही पुरते. अशा भागात थंड जागा कोणती, हे लिहायला पत्रकात ओळ नव्हती. ‘बर्नर आणि उन्हापासून दूर, बूच घट्ट लावून’ एवढे लिहिले असते तरी कुणाला कळले असते.

तेव्हा समितीच्या सदस्यांना एक विनंती. रसायनांची नावे पाठ्यपुस्तकातलीच ठेवा आणि शेजारी H2SO4 असे सूत्र द्या, म्हणजे बाटलीशी ताळा जुळेल. छापण्याआधी पत्रक भामरागडच्या नववीतल्या मुलाला द्या. दोन चंचुपात्रांत नुसते पाणी घाला, एकावर ‘आम्ल’ आणि दुसऱ्यावर ‘पाणी’ अशी चिठ्ठी लावा आणि वाचून कृती करायला सांगा. त्याने ‘पाणी’ लिहिलेले पात्र उचलून ओतायला घेतले, तर नापास तुम्ही.