कोटीचा खड्डा दहा लाखांत

दगडखाणीचा प्रकल्प अहवाल शेवटाकडून वाचावा. सुरुवातीला क्रशर, पोकलेन, खडीची मागणी आणि रोजगारनिर्मिती असते. अगदी शेवटी, विसाव्या वर्षाच्या रकान्यात, एक बारीक ओळ असते: 'जमीन पूर्ववत करणे, १ कोटी'. मालकाने एवढा आकडा आपणहून लिहिला म्हणून आपण भारावतो. भारावू नये. हिशेबात त्या कोटीचे दहा लाख झालेले असतात आणि त्यासाठी कुणाला लाचही द्यावी लागलेली नसते.

कृती सोपी आहे. समजा, पाच हेक्टरांची खाण, भांडवल ४ कोटी, वर्षाला ४० हजार ब्रास खडी. खडीचा दर चढतो, पण खाण खोल जाते तसा उपशाचा खर्चही चढतो; म्हणून हातात येणारे वर्षाचे ७० लाख वीस वर्षं तेवढेच धरू. पुढे येणारा पैसा आजच्या भावात आणायला १२ टक्के वटावदर लावला, तर वीस वर्षांच्या कमाईचं आजचं मोल ५ कोटी २३ लाख. भांडवल वजा केलं की निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, १ कोटी २३ लाख. आता विसाव्या वर्षीचा तो एक कोटी त्याच दराने आज आणा: १० लाख ३७ हजार. म्हणजे डोंगर पोखरून केलेला खड्डा प्रकल्पाच्या तब्येतीला सर्दीइतकाही बाधत नाही.

यात हातचलाखी दोन ठिकाणी आहे. पहिली महागाईची. एक कोटी हा आजचा भाव. काम वीस वर्षांनी व्हायचं. सहा टक्क्यांनी तोच खर्च ३ कोटी २१ लाखांवर जातो आणि आजचं मोल ३३ लाख होतं. त्याच रकान्यात जुन्या क्रशरच्या भंगाराची किंमत मात्र बहुधा महागाईसकट मांडलेली सापडेल. भंगार महागतं, माती महागत नाही!

दुसरी चलाखी जास्त सभ्य आहे, म्हणून जास्त खपते. धंद्यात जोखीम आहे म्हणून कमाईला चढा वटावदर लावतात, ठीकच. पण तोच दर देण्यालाही लावला, की जोखीम जितकी जास्त तितकं देणं लहान दिसतं. खड्डा राहणार यात जोखीम कसली? ते तर खाणीतलं एकमेव खात्रीचं उत्पादन. खात्रीच्या देण्याला खात्रीच्या ठेवीचा दर लावावा. सात टक्के धरले तर खड्ड्याचं आजचं मोल ८३ लाख भरतं आणि १ कोटी २३ लाखांपैकी उरतात जेमतेम ४०. खाण तीच, खड्डा तोच, बदलले फक्त दोन टक्के-आकडे.

शिवाय 'पूर्ववत' हा विनोदच आहे. तिथला सुमारे १५ लाख घनमीटर दगड कुठल्याशा महामार्गाच्या पोटात गेलेला असतो. खड्डा भरायचा म्हटलं तर कोटभर रुपयांत घनमीटरला सात रुपयेही येत नाहीत. तेवढ्यात डंपरचं डिझेलही सुटायचं नाही. त्या कोटीत होतं ते एवढंच: उभे कडे पायऱ्या पाडून उतरते करणं, भोवती कुंपण, वर मातीचा थर, झाडं आणि ती जगेपर्यंत पाणी. माती पहिल्याच वर्षी बाजूला रचून ठेवायची असते. ती तेव्हाच ट्रकने गेली असेल, तर विसाव्या वर्षी विकत आणावी लागते, आणि तो खर्च त्या ओळीत नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं, की खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवलं पाहिजे, गुरांना चारा मिळेल असं. उत्तम. पण तोवर कमाई संपलेली, यंत्रं विकलेली आणि उरलेला एकमेव व्यवहार खर्चाचा. ठेवलेली अनामत कामाच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर ती जप्त होऊ देणं हाच मालकाला सर्वांत स्वस्त पडणारा 'पुनर्वसन आराखडा'.

उपाय अहवालात मावेल एवढाच आहे. खर्च शेवटच्या रकान्यातून उचलून दरवर्षीच्या रकान्यात टाका आणि पैसा मालकाच्या हाताबाहेरच्या खात्यात ठेवा. सात टक्क्यांनी वीस वर्षांत ३ कोटी २१ लाख जमवायला वर्षाला ७ लाख ८२ हजार लागतात. ४० हजार ब्रासवर वाटले तर ब्रासला वीस रुपये. एवढं भरूनही ही खाण नफ्यातच राहते. ज्याला हे वीस रुपये परवडत नाहीत त्याची खाण मुळातच तोट्यातली. तिचा नफा म्हणजे गावाच्या नावे काढलेलं, गावाला न विचारता काढलेलं कर्ज.