अंतिम यादी (सुधारित)

प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघात एक नाना असतातच. पावसाळी सहल ठरली की वर्गणी कोषाध्यक्ष गोळा करतात, भजी कुठे खायची यावर महिला मंडळ बोलतं, आणि ट्रॅव्हल एजंटला मेल नाना लिहितात. नोकरीची छत्तीस वर्षं त्यांनी टिपणं लिहिण्यात घालवली. निवृत्तीनंतर त्या हाताला लोणावळा मिळालं.

दादरहून यंदा २३ जण निघाले. एजंटला तीन मेल आधीच गेले होते, ‘अंतिम यादी’, ‘अंतिम यादी २’ आणि ‘हीच अंतिम’. चौथ्याच्या माथ्यावर नानांनी लिहिलं, ‘आधीच्या तिन्ही याद्या रद्द समजाव्यात. बदल ठळक केले आहेत.’ हसायचं असेल तर हसा, पण हॉटेलच्या काउंटरवर हमखास जुनीच यादी छापलेली सापडते, हे नानांना ठाऊक आहे.

खोल्यांचा हिशोब सरळ होता. ८ जोडप्यांच्या ८ खोल्या, चार बायकांच्या दोन, तीन पुरुषांची जादा गादी घालून एक, अशा ११. पण एका वहिनींनी फोन करून सांगितलं, “नाना, ह्यांच्या घोरण्यात मी घरी झोपते तेवढं पुरे. सहलीत मी ताईबरोबर.” सात जोडपी उरली, बायका पाच झाल्या, पुरुष चार. नानांनी पुन्हा मांडणी केली: ७, बायकांच्या २ (एकीत जादा गादी), पुरुषांच्या २. पुन्हा अकराच! म्हणजे दर तोच, फक्त गादी एका खोलीतून दुसरीत गेली, हे त्यांनी मेलमध्ये अधोरेखित केलं. घोरणाऱ्यांच्या जोडीला त्यांनी जे गृहस्थ दिले, ते रात्री कानाचं यंत्र काढून ठेवतात. हे मात्र मेलमध्ये लिहिलं नाही. गुडघेवाल्यांना तळमजला आणि कमोड, तोही नावासमोर. नावं आधार कार्डावर आहेत तशीच.

खरी कसोटी वेळेची. डेक्कन एक्सप्रेसची तिकिटं वेटिंगवर राहिली, इंद्रायणीची मिळाली. त्यामुळे दहाऐवजी आठच्या सुमारास लोणावळा. दुसरा कुणी ‘आम्ही दोन तास आधी येतोय’ एवढंच कळवून मोकळा झाला असता. नानांनी त्याचे तीन तुकडे केले, कारण ही दोन तासांची बातमी तीन वेगवेगळ्या माणसांना लागते. बसवाल्याने आठला स्टेशनबाहेर असायला हवं. खोल्या बाराशिवाय मिळत नाहीत, म्हणून हातपाय धुऊन कपडे बदलायला दोन खोल्या आठपासून, सामान काउंटरमागे. आणि तिसरं, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही: भाड्यात धरलेला नाश्ता मुक्कामानंतरच्या सकाळचा असतो. आल्या दिवशीचे २३ नाश्ते जादा. त्याचा दर नानांनी आधीच विचारून ठेवला.

आता नाश्ता म्हटला की तो दिवस नेमका आषाढातल्या संकष्टीचा. सहा जणांचा उपवास, चौघांचं चातुर्मासात कांदा-लसूण बंद, एक जैन जोडपं, नऊ मधुमेही. बेरीज केली तर माणसं २३ आणि अडचणी २१, त्यातल्या कैक एकाच माणसाच्या. ही यादी तशीच आचाऱ्याकडे गेली, तर तो डोकं धरून बसेल. त्याला कुणाला काय वर्ज्य आहे ते नको असतं, ताटं किती ते हवं असतं. म्हणून नानांनी लिहिलं: ‘साबुदाणा खिचडी ६ (कोथिंबीर नको, वाद होतो). पोहे कांदा-बटाट्याशिवाय ५. साधे पोहे १२. एकूण २३. चहा बिनसाखरेचा ९.’ उपवासातले एक जण चातुर्मास पाळणारेही आहेत, ते दोनदा मोजलेले नाहीत, हे खाली तळटीप म्हणून.

रात्रीचं तर त्याहून नाजूक. आचारी साडेनऊला शेगडी आवरतो आणि चंद्रोदय पावणेदहाच्या आसपास. नानांनी लिहिलं, ‘सहा जणांचं गरम जेवण व मोदक दहाला. लोणावळ्याच्या धुक्यात चंद्र दिसण्याची वाट पाहिल्यास ही मंडळी पुढच्या संकष्टीपर्यंत उपाशी राहतील. पंचांगातली वेळ ग्राह्य धरावी.’

दोन पानी मेल गेला. तासाभरात एजंटचं उत्तर आलं, “ओके काका.”

नानांनी चष्मा पुसला आणि पाचवा मेल लिहायला घेतला. विषय: ‘आपले “ओके” नेमके कोणकोणत्या मुद्द्यांस आहे, ते मुद्देनिहाय कळवावे.’