छत्री एक, डोळे चार

एका छत्रीखाली दोघांचे चित्र काढून घ्यायचे असेल, तर चित्रकाराला आधी लेखी वर्णन द्यावे लागते. बहुतेक वर्णने ‘दोघे प्रेमाने एकमेकांकडे पाहत आहेत’ इथे संपतात. पण प्रेम काढता येत नाही. काढता येतात ती मान, बुबुळे, हात आणि छत्रीचा दांडा. यांबद्दल लिहिणारा गप्प राहिला, की छत्री बरोबर मधोमध उभी राहते आणि तिच्याखाली दोन कोरडी ठणठणीत माणसे वाचकाकडे बघून हसतात, लग्नाच्या अल्बमात शिरल्यासारखी.

पहिला घोळ डाव्या-उजव्याचा. पात्र वाचकाकडे तोंड करून उभे असेल, तर त्याचा डावा हात वाचकाच्या उजवीकडे येतो. म्हणून जागा वाचकाच्या बाजूने सांगावी आणि हात पात्राचा. उदाहरणार्थ: ‘चित्रात डावीकडे मामा, उजवीकडे भाची. दांडा मामाच्या डाव्या हातात, म्हणजे भाचीच्या बाजूच्या. छत्री तिच्याकडे कललेली, मामाचा उजवा खांदा भिजलेला.’ ओला खांदा लिहिला, की ‘प्रेमाने’ हा शब्द खोडता येतो.

मग नजर. कोण कशाकडे पाहतो, ते चित्रातल्याच एखाद्या गोष्टीचे नाव घेऊन सांगावे. भाची मामाच्या खांद्याला लागत असेल, तर ‘तिची हनुवटी वर, नजर मामाच्या चेहऱ्यावर, मामाची मान खाली, नजर तिच्या डोळ्यांवर’ असे हवे. उंचीतला फरक विसरला, की मामा भाचीच्या डोक्यावरून पलीकडचे रिक्षास्टँड न्याहाळतो. मानेचा उल्लेख राहिला आणि नुसती बुबुळे वळली, तर नजर तिरकी होते. अशा मामाने भाचीचे पैसे बुडवले असावेत, असा वाचकाचा समज होतो.

आहेराचे पाकीट देण्याचे चित्र त्याहून अवघड. ‘देतो’ या क्रियेत पाकीट पुढे येणे, दोघांच्या हातात असणे आणि सुटणे असे तीन क्षण असतात, चित्रात मावतो एकच. मधला घ्यावा: पाकिटाचे एक टोक काकांच्या बोटांत, दुसऱ्या टोकावर काकूंचा अंगठा. नजरा मात्र इथे जुळवू नयेत. काका काकूंच्या चेहऱ्याकडे पाहतात, काकू पाकिटाकडे. दोघेही पाकिटाकडे पाहू लागले, तर आत किती आहेत यावरून वाद चालू आहे असे वाटते. काकूंचे तोंड ‘अहो, कशाला एवढं!’ म्हणत असले, तरी अंगठा घट्ट आहे, हे वर्णनात स्पष्ट असावे. नकार तोंडाचा असतो. हातांना त्याची कल्पना नसते.

संवादाचे फुगे असतील, तर आधी बोलणाऱ्याला डावीकडे बसवावे, कारण मराठी वाचक फुगेही डावीकडूनच वाचतो. काकूंना डावीकडे बसवले, तर पाकीट कुणी पुढे करण्याआधीच त्या नको म्हणून मोकळ्या होतात.