भिंतीपासून पाऊण इंच

नोएडात घराला गॅरेज असतं ते गाडी बाहेर रस्त्यावर उभी करता यावी म्हणून. आमच्या गॅरेजात माझं वर्कशॉप आहे, म्हणजे एक टेबल, एक व्हाइस आणि तीन पत्र्याचे डबे. हवा तो पाना नेहमी चौथ्या डब्यात असतो. एका रविवारी सौ.नी त्या डब्यांकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर मी कीर्तीनगर गाठलं आणि चार फूट बाय तीन फूट, सहा मिलिमीटर जाडीचा, इंचाइंचावर भोकं पाडलेला हार्डबोर्ड घेऊन आलो.

मिस्त्री आला. बोर्ड भिंतीला लावून म्हणाला, "अंकलजी, चार कील ठोक देता हूँ. दस मिनट का काम है." मी त्याच्या हातात एक हूक दिला आणि म्हटलं, आधी हा बसवून दाखव.

हुकाची मागची शेपटी वर वळलेली असते. ती तिरकी आत घालायची, मग हूक खाली झुकवायचा, की शेपटी बोर्डाच्या पाठीला धरून बसते. या कसरतीला बोर्डामागे निदान अर्धा इंच पोकळी लागते. बोर्ड भिंतीला चिकटवला तर शेपटी प्लास्टरवर आपटते. दीड हजारांवर भोकं आणि एकातही हूक जात नाही, असं ते दृश्य असतं. मिस्त्रीनं दोनतीनदा हूक ढकलून पाहिला, भिंतीकडे रागानं पाहिलं आणि चहा मागितला.

उपाय पाऊण इंच जाडीच्या लाकडी रिपांचा. मी मूळचा सदाशिव पेठेतला. सोडायचं नाही, पण अंगालाही लागू द्यायचं नाही, हे अंतर आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तीन रिपा आडव्या लावायच्या, वर, मध्ये आणि खाली, म्हणजे मोठा पाना ओढला तरी बोर्डाचं पोट आत जात नाही. रिपेमागे आलेल्या भोकांच्या ओळी वाया जातात. जाऊ देत.

खरी परीक्षा पुढे, कारण सगळं वजन पेलतात ते रिपांचे स्क्रू. हिशेब सोपा आहे. पाऊण इंच रीप, साधारण अर्धा इंच प्लास्टर आणि विटेत दीड इंच, झाले पावणेतीन. म्हणून स्क्रू तीन इंची. मिस्त्रीच्या पिशवीत दीड इंचीच होते. ते रीप आणि प्लास्टर ओलांडून विटेत जेमतेम डोकावले असते आणि एके दिवशी खपलीसकट खाली आले असते.

आठ मिलिमीटरचं बिट, त्यावर अडीच इंचांवर चिकटपट्टीची खूण, आणि ड्रिल सुरू. खाली कागद धरून भुकटी बघायची. लाल आली तर वीट, पुढे चला. करडी, वाळूसारखी आली तर बिट दोन विटांमधल्या दरजेत शिरलंय. तिथे प्लग सैल राहतो, म्हणून इंचभर सरकायचं. नव्या टॉवरमधल्या फ्लॅटात पांढरी, पिठासारखी भुकटी येते. तो हलका सिमेंटचा ब्लॉक. त्यात हॅमर बंद करून नुसतं फिरतं ड्रिल चालवायचं आणि प्लगही त्याच ब्लॉकसाठीचा घ्यायचा. आमच्याकडे लाल आली. (हिवाळ्यात हवा बिघडली की इथे बांधकामावर बंदी येते. त्या दिवसांत ड्रिल घरघरलं की समोरचे निवृत्त कर्नल बाल्कनीत येऊन उभे राहतात.)

भोकातली धूळ सायकलच्या पंपानं उडवली, नायलॉनचा प्लग आत सारला आणि खिळ्यानं आणखी अर्धा इंच ढकलला. कारण प्लग प्लास्टरात फुगला तर प्लास्टरच फोडतो. तो पुरता विटेत हवा. स्क्रू शेवटचे दोन वेढे हाताला जड लागला की समजावं, धरलं. गरगर फिरतच राहिला, तर ते भोक सोडून द्यावं. रिपा बसल्यावर मिस्त्री वरच्या रिपेला दोन्ही हातांनी लोंबकळला. मी डोळे मिटले. रीप हलली नाही. मग बोर्ड रिपांवर बारीक स्क्रूंनी लावला, प्रत्येकाखाली रुंद वॉशर घालून, कारण हार्डबोर्डातून स्क्रूचं डोकं आरपार जातं.

१७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे धौला कुआँजवळ ४.० तीव्रतेचा भूकंप झाला. आम्ही सगळे रस्त्यावर. परत येऊन मी आधी गॅरेज उघडलं. बोर्ड जागच्या जागी होता. हातोडा मात्र हुकासकट जमिनीवर पडला होता, कारण त्या एकाच हुकाला मी खालच्या भोकातून प्लास्टिकची पट्टी आवळली नव्हती.

अमेरिकेत ज्युलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे पती पॉल यांनी असाच बोर्ड लावून प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा त्यावर काढली होती. मीही काढली. आता आमच्या बोर्डावर पक्कडीची सुरेख रेषा आहे आणि पक्कड कर्नलसाहेबांकडे आहे.

बोर्ड आणायला जाल तेव्हा रिपा, तीन इंची स्क्रू आणि प्लग त्याच फेरीत घ्या. दुकानदार बोर्ड देतो, हूक देतो. मागची पोकळी ज्याची त्यानं करायची असते.