अशुद्ध : सातबारा, शुद्ध : बायोडेटा

ईमेलने पाठवलेल्या नोकरीच्या अर्जात ज्या चुका पाठवल्यानंतरच दिसतात, त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग नामदोषाचा, म्हणजे एका कंपनीला लिहिलेल्या अर्जात दुसऱ्याच कंपनीविषयी जन्मभराची निष्ठा व्यक्त होण्याचा. दुसरा जोडदोषाचा, म्हणजे ‘बायोडेटा सोबत जोडला आहे’ असे नम्रपणे लिहून सोबत भलतेच काही जोडण्याचा. हे दोन्ही दोष अर्ज लिहिताना, तपासताना आणि शेजाऱ्याला वाचून दाखवताना अदृश्य असतात व पाठवण्याचे बटण दाबल्यावर लगेच ठळक अक्षरांत दिसू लागतात. त्यांच्या निवारणार्थ जो छोटा मजकूर लिहावा लागतो, त्याला येथे क्षमापत्र म्हटले आहे. आणि मूळ दोषापेक्षा या क्षमापत्रानेच अर्जदाराचे अधिक नुकसान होते, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

रत्नागिरी जिल्हा या अभ्यासाला विशेष अनुकूल आहे, कारण येथील रसायनशास्त्राच्या पदवीधराला मुंबईची गाडी धरायची नसेल, तर त्याची नजर साहजिकच खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान महामार्गालगत वसलेल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीकडे वळते. तेथे रासायनिक कारखाने एकमेकांना लागून उभे असल्याने अर्जही एकापाठोपाठ एक जातात, आणि मजकूर एकच ठेवून फक्त कंपनीचे नाव बदलण्याची प्रथा पडते. हे बदलण्याचे काम संगणकाच्या ‘शोधा आणि बदला’ या सोयीवर सोपवले जाते. परंतु ही सोय नेमकी तीच अक्षरे शोधत असल्याने मजकुरात एकदा पूर्ण आणि एकदा संक्षिप्त लिहिलेल्या नावापैकी एकच बदलते, विषयाच्या ओळीत टंकलेल्या नावापर्यंत तर तिचा हात पोहोचतच नाही. परिणामी पहिल्या परिच्छेदात एका कारखान्याचा गौरव आणि शेवटच्या परिच्छेदात त्याच्या कुंपणापलीकडच्या कारखान्यात रुजू होण्याची उत्कंठा, असा अर्ज तयार होतो.

जोडदोषाचे कारण याहून साधे आहे आणि ते एका कल्पित परंतु सर्वस्वी संभाव्य उदाहरणाने स्पष्ट होईल. नोव्हेंबरात आंबा बागायतदारांची फळपीक विम्याची लगबग चालू असते आणि त्यासाठी सातबारा लागतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, ज्यात जमीन कोणाची हे असते, आणि गाव नमुना बारा, ज्यात तिच्यावर काय पिकते हे असते, यांचा एकत्र उतारा. घरातील पदवीधराला सकाळी वडील सांगतात, “बाबू, तो सातबारा तेवढा काढून ठेव रे,” आणि बाबू तो फोनवर उतरवून घेतो. दुपारी तो लोट्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेतील केमिस्टच्या जागेसाठी त्याच फोनवरून अर्ज करतो. फाइल जोडताना फोन सर्वांत अलीकडची फाइल सर्वांत वर दाखवतो, सातबाऱ्याच्या फाइलचे नाव म्हणजे नुसते आकडे असतात, बायोडेटाचे नाव `document (3).pdf` असे असते, आणि आत काय आहे हे या दोन्ही नावांवरून ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही.

कारखान्याच्या मनुष्यबळ विभागातील अधिकारी मॅडम हा अर्ज उघडतात, तेव्हा त्यांच्या ज्ञानात जी भर पडते ती कोणत्याही मुलाखतीत पडली नसती. उमेदवाराची शैक्षणिक पात्रता कळत नाही, परंतु त्याच्या कुटुंबात एकाच गटावर आठ नावे असून त्यांपैकी दोन चुलत्यांची आहेत हे कळते. अनुभव कळत नाही, परंतु लागवडीयोग्य क्षेत्र किती आणि पोटखराबा, म्हणजे कातळ-दगडामुळे लागवडीस अयोग्य असलेला भाग, किती हे गुंठ्यांसह कळते. आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा नोंदलेला असल्याने उमेदवाराला नोकरी का हवी आहे, याचे मात्र अत्यंत प्रामाणिक उत्तर मिळते.

अशा वेळी पहिली धाव यंत्राकडे घेतली जाते. जीमेलमध्ये `Undo` नावाची सोय आहे, ती मेल परत आणत नाही, तर तो मुळातच काही सेकंद रोखून धरते. हा अवधी आपणहून बदलला नाही तर 5 सेकंदांचा असतो आणि वाढवून जास्तीत जास्त 30 सेकंदांचा करता येतो. आउटलुकमधील परत बोलावण्याची सोय बहुधा एकाच संस्थेच्या अंतर्गत यंत्रणेत चालते. बाहेरच्या पत्त्यावर ती वापरल्यास मेल परत येत नाही, उलट ‘अमुक व्यक्तीला आपला मेल परत घ्यावयाचा आहे’ असा दुसरा मेल जाऊन पोहोचतो, म्हणजे ज्याने पहिला मेल उघडलाही नव्हता तोही कुतूहलाने उघडतो. जीमेल आणखी एक इशारा देते : इंग्रजी मजकुरात फाइल जोडल्याचा उल्लेख असून फाइलच नसेल तर ती हटकते. परंतु फाइल आहे आणि ती सातबारा आहे, या अवस्थेविषयी तिला काहीही आक्षेप नसतो.

यंत्राने हात टेकल्यावर क्षमापत्राचा जन्म होतो, आणि त्याचे तीन सदोष प्रकार आढळतात. पहिला प्रकार कैफियतीचा होय. बांधाच्या वादात तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवलेल्या प्रदेशात आपली बाजू सविस्तर मांडण्याची परंपरा असल्याने अर्जदार वीज गेली होती, रेंज एकाच खिडकीत येते, फोन नवा आहे आणि वडिलांनी ऐन वेळी सातबारा मागितला, असा सर्व पुरावा क्रमाने दाखल करतो. वाचणाऱ्याला मात्र एवढेच कळते की हा मनुष्य उद्या चाचणीचा निकाल चुकल्यावरही असाच अर्ज देईल. दुसरा प्रकार लोटांगणाचा होय. त्यात ‘अक्षम्य’, ‘घोर’ आणि ‘मनःपूर्वक’ ही विशेषणे एकवटतात आणि ताकापुरते रामायण सुरू होते. परंतु ज्या मॅडमना फक्त बायोडेटा हवा होता त्यांच्यावर उमेदवाराचे सांत्वन करण्याची जबाबदारी येऊन पडते. तिसरा प्रकार मौनाचा, म्हणजे काहीच न लिहिता योग्य फाइल पुन्हा पाठवण्याचा; यात दोन अर्जांपैकी खरा कोणता हा प्रश्न वाचणाऱ्यावर सोपवला जातो, आणि अशा प्रश्नाला बहुधा ‘दोन्ही नकोत’ असे उत्तर मिळते.

निर्दोष क्षमापत्राचा नमुना मराठी ग्रंथव्यवहारात पूर्वीपासून उपलब्ध आहे. जुन्या पुस्तकांत जोडलेल्या शुद्धिपत्रात पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध असे चार रकाने असत. खिळे जुळवणाऱ्याला त्या दिवशी ताप होता की नाही, यासाठी पाचवा रकाना नसे. याच धर्तीवर क्षमापत्रात कोणता मेल, त्यात काय चुकले, बरोबर काय आणि आता वाचणाऱ्याने काय करावे, एवढ्या चारच गोष्टी असाव्यात. प्रत्यक्षात हा मजकूर बहुधा इंग्रजीत जातो. त्याचा मराठी आशय पुढीलप्रमाणे होईल :

“सविनय नमस्कार. आज दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी केमिस्ट पदासाठी पाठवलेल्या अर्जात आपल्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीचे नाव पडले असून, बायोडेटाऐवजी वेगळीच फाइल जोडली गेली आहे, याबद्दल क्षमस्व. दुरुस्त अर्ज व बायोडेटा सोबत जोडला आहे. कृपया तोच ग्राह्य धरावा. आधीच्या फाइलमध्ये कुटुंबातील इतरांची नावे असल्याने ती काढून टाकावी, ही विनंती.”

या मजकुरात दुसऱ्या कंपनीचे नाव पुन्हा घेतलेले नाही आणि सातबाऱ्याचा नामोल्लेखही नाही, हे लक्षात घ्यावे, कारण ज्यांनी फाइल उघडली त्यांना ते ठाऊक आहे आणि ज्यांनी उघडली नाही त्यांना ते सांगण्याचे कारण नाही. हा मेल नव्याने न लिहिता पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन त्यालाच उत्तर म्हणून लिहावा, म्हणजे दोन्ही एकाखाली एक दिसतात. मात्र चुकीचे नाव विषयाच्या ओळीतच असेल तर ओळ बदलणे भाग असते, आणि ओळ बदलली की जीमेलमध्ये दोन मेलांची साखळी तुटते, म्हणून अशा वेळी पहिल्या मेलच्या वेळेचा उल्लेख अत्यावश्यक ठरतो. दुरुस्ती शक्यतो त्याच दिवशी जावी, परंतु दुसऱ्याच मिनिटाला जाऊ नये, कारण घाईत केलेल्या दुरुस्तीचीही दुरुस्ती करावी लागते आणि तिसऱ्या मेलपासून अर्जदार विनोदाचा विषय होतो. बायोडेटात एखादी वेलांटी चुकली असेल तर क्षमापत्र पाठवूच नये, कारण जी चूक कोणाला दिसली नसती ती दाखवण्यासाठी माफी मागणे हा दोष पहिल्या दोन्ही वर्गांत बसत नाही. याउलट जोडलेली फाइल सध्याच्या नोकरीतील गोपनीय कागद असेल, तर क्षमापत्राने भागत नाही. त्या कार्यालयालाही कळवावे लागते, आणि तो प्रसंग विनोदी लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

असे चार ओळींचे क्षमापत्र अधिकारी मॅडम कसे वाचतील, हे त्या जागेच्या स्वरूपावरूनच सांगता येते. उमेदवार एकाच वेळी पाच ठिकाणी अर्ज करतो हे त्यांना माहीत असते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचे नाव पाहून त्यांचे मन दुखावत नाही. त्यांना शंका येते ती तपासणीच्या सवयीची, कारण ज्याने स्वतःची फाइल उघडून पाहिली नाही तो नमुन्याच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक तरी वाचेल का, असा तो रास्त प्रश्न असतो. परंतु गुणवत्ता प्रयोगशाळेत चूक दुरुस्त करण्याचाही नियम असतो : नोंदवहीतील चुकीचा आकडा व्हाइटनर लावून झाकायचा नसतो, तर वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही-तारीख करायची असते. चार ओळींचे क्षमापत्र हे त्याच नियमाचे पालन असल्याने, ज्या उमेदवाराने नोकरी लागण्यापूर्वीच ते केले त्याला ते शिकवण्याचा खर्च वाचतो, असा विचार त्या मॅडमनी केला तर तो तर्काला धरूनच होईल.

तात्पर्य, बायोडेटाच्या फाइलला आपले नाव द्यावे, फाइल जोडल्यावर ती फोनच्या साठ्यातून नव्हे तर त्या न पाठवलेल्या मेलमधूनच उघडून पाहावी, आणि मागच्या कंपनीचे नाव मजकुरात व विषयाच्या ओळीत एकदा शोधावे. सातबारा सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही केव्हाही पाहता येतो. बायोडेटाची तशी सोय अजून झालेली नाही, तो ज्याचा त्यानेच पाठवावा लागतो.