रँकवीर

हल्ली सोसायटीच्या प्रत्येक विंगेत एक तरी रँकवीर असतोच. आमच्या विंगेतला मला नको तितका जवळून माहीत आहे, कारण त्याची आणि माझी भिंत एकच आहे आणि "अरे मागे बघ, मागे!" ही आरोळी रात्री दीड वाजता त्या भिंतीतून आरपार येते. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, खेळ व्हॅलोरंट, रँक गोल्ड. खरी लायकी मात्र डायमंडची, असं त्याचं मत. मधलं अंतर टीममेट, पिंग आणि स्वतःचं शरीर या तिघांनी संगनमताने पाडलेलं आहे.

त्यातल्या शरीराबाबत रँकवीराचं धोरण सरळ आहे: दुखेल त्या अवयवासाठी काहीतरी मागवायचं. डोळे चुरचुरले, निळा प्रकाश अडवणारा चष्मा आला. मनगट कुरकुरलं, जेलची उशी आली. पाठ धरली, लाल-काळी रेसिंग खुर्ची आली. खुर्ची शर्यतीची आणि माणूस सहा तास जागचा हलत नाही, यातली गंमत त्याच्या आईला कळते, त्याला नाही. फुकटचा उपाय त्याला उपाय वाटतच नाही.

मागवलेल्या वस्तूंनी काही होईना, तेव्हा त्याची मावसबहीण कामी आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. याने हात पुढे करून सांगितलं, "ताई, मला कार्पल टनेल झालंय." निदान घरूनच करून आणलं होतं. ताईने एकच विचारलं, "मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात?"

"करंगळीला. आणि शेजारच्या."

"मग मनगटाला कशाला उशी घातलीस? कोपर दाखव."

कार्पल टनेलमध्ये मनगटातून जी नस दाबली जाते, ती अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्या हद्दीत येत नाही. करंगळीची नस कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाला अगदी लगटून जाते. कोपर आपटलं की झिणझिणी येते ती हीच. रँकवीराचं टेबल म्हणजे आजोबांचं सागवानी डायनिंग टेबल. ते उंच, खुर्ची त्याने झोकात मागे रेललेली आणि खाली दाबलेली. त्यामुळे खांदे कानाला लागलेले, कोपरं घडी घातल्यासारखी दुमडलेली आणि त्यांचा सगळा भार टेबलाच्या धारदार कडेवर. शिवाय रात्री हा फोन छातीशी धरून, हात दुमडूनच झोपतो. म्हणजे नसेला सुट्टी दिवसाही नाही आणि रात्रीही नाही.

उपाय इतका साधा निघाला की त्याचा अपमानच झाला. खुर्ची वर घे, कोपर काटकोनापेक्षा थोडं उघडं राहील आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ राहील इतकी. कीबोर्डच्या मागच्या घोड्या मिटव, त्या उभ्या असल्या की मनगट वर मुरगळतं. कोपर कडेवर टेकवू नको. माउस मनगटाने झटकण्याऐवजी अख्ख्या हाताने फिरव, त्यासाठी सेन्सिटिव्हिटी थोडी उतरव. रात्री कोपराला टॉवेल सैलसर गुंडाळ, म्हणजे झोपेत ते पूर्ण दुमडणार नाही. खुर्ची वर घेतल्यावर पाय लोंबकळू लागले, तेव्हा आईने देव्हाऱ्यासमोरचा पाट आणून पायांखाली सरकवला. हजारोंची खुर्ची शेवटी पाटामुळे मार्गी लागली. ताईने जाताना बजावलंच: मुंग्या दिवसभर जाईनात, कुलपात किल्ली फिरवताना पकड सुटू लागली किंवा अंगठ्यामागचं मांस बसलेलं दिसलं, तर पाट-टॉवेल बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

डोळ्यांची कथा निराळी. आईची समजूत अशी की मुलगा हरला की रडतो. वास्तविक ते पाणी कोरडेपणाचं. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतं. समोरून शत्रू डोकावणार असेल तर रँकवीर पापणी नावाची गोष्टच विसरतो. डोळा सुकतो, चुरचुरतो आणि मग घाबरून एकदम पाणी सोडतो. त्यात डोक्यावर पाचवर फिरणारा पंखा. त्यात मॉनिटर तीन जाडजूड रेफरन्स बुकांवर चढवलेला, म्हणजे वर बघायचं, डोळे पूर्ण उघडे आणि सुकायला आणखी मोकळी जागा. पुस्तकं काढली, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली आली, तेव्हा पापण्या थोड्या उतरल्या. त्या पुस्तकांचा चार वर्षांतला हा पहिला उपयोग म्हणायचा, तोही ती काढून घेतल्यावर. चष्म्याचं म्हणाल तर कॉक्रेन संस्थेने 2023 साली आधीचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा अशा काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. तो अजूनही लावतो. रुबाब येतो म्हणे.

वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघायचं, हा नियम त्याला पाठ आहे. पण वीस मिनिटांचा गजर ऐन लढाईत वाजला तर कोण उठेल? इथे मात्र या गड्याने डोकं चालवलं. व्हॅलोरंटमध्ये प्रत्येक राउंडआधी खरेदीला किमान 30 सेकंद मिळतात आणि राउंडमध्ये मेलात की तो संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं असतं. आमचा वीर लवकर मरण्यात पटाईत, त्यामुळे विश्रांतीला तोटा नाही. मेला की पापण्या सावकाश, पूर्ण मिटून दहा वेळा उघडायच्या आणि खिडकीबाहेर बघायचं. दहा फुटी खोलीत वीस फूट आणणार कुठून? सुरुवातीला तो समोरच्या इमारतीत बघायचा. तिथल्या काकूंनी दोनच दिवसांत पडदे लावले. आता तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघतो. मॅच संपली की उठून उभं राहायचं, पाणी प्यायचं, बाटली मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवलेली.

झोप मात्र शेवटपर्यंत अडून बसली. "शेवटची मॅच" हा प्रकार असा की जिंकली तर हात गरम आहे म्हणून आणखी एक, हरली तर रँक गेला म्हणून आणखी एक. मॅच तेरा राउंड जिंकेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास. बारा-बारा झाली तर पुढे ओव्हरटाइम. मध्येच उठलं तर दंड. म्हणून "बाराला बंद" हे वचन पाळणं त्याच्याही हातात नव्हतं. मग घड्याळ उलटं मोजलं: झोपायचं साडेबाराला, त्याआधी छाती धडधडायची थांबायला अर्धा तास, त्याआधी लांबलेली मॅच. म्हणून सव्वाअकरानंतर क्यू लावायचा नाही, हरलो असलो तरी नाही, हरलो असलो तर मुळीच नाही. एनर्जी ड्रिंक दुपारनंतर बंद, कारण पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात उरलेलं असतं. आणि रविवारीही आठला उठायचं. हे कलम मंजूर व्हायला घरात दोन बैठका झाल्या.

महिना-दीड महिन्यात करंगळी शांत झाली, डोळे निवळले, भिंतीपलीकडे बारानंतर सामसूम. परवा जिन्यात भेटला, चेहरा मात्र पडलेला. म्हटलं, "काय रे, आता कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही, काका. हात बरा, डोळे बरे, झोपही होतेय. रँक अजून गोल्डच. आता घरी सांगू काय?"