कर्ण १०, उंची ६

गणित सुटलं की मला बरं वाटतं. पण गणितच चुकलेलं सापडलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. गणित सोडवणारे काय, गल्लोगल्ली आहेत. छापील पुस्तकाची चूक काढायची म्हणजे मात्र पुस्तकाच्या वरच्या पाटावर जाऊन बसायचं, आणि ती जागा सोडायला मी तरी कधी तयार नसते.

त्यामुळे भाचीने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतला प्रश्न वाचताच मला उकळ्या फुटल्या. काटकोन त्रिकोण, कर्ण १० सेमी, काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर टाकलेला लंब ६ सेमी, क्षेत्रफळ काढा. खाली आज्ञा : 'आत्या, नुसतं उत्तर पाठव. उद्या वही द्यायचीय.'

नुसतं उत्तर द्यायला काय लागतं? पाया गुणिले उंची, भागिले दोन. ३० चौरस सेमी. सूत्र बिचारं गरीब; त्यात काय घालाल ते मुकाट्याने गिळतं आणि उत्तर हातावर ठेवतं. हा त्रिकोण मुळात काढता येतो का, हे विचारणं त्याच्या स्वभावात नाही.

आणि हा त्रिकोण काढता येत नाही. कर्णाला व्यास धरून अर्धवर्तुळ काढा. काटकोनाचा शिरोबिंदू त्या कमानीवरच कुठेतरी बसतो, दुसरीकडे बसूच शकत नाही. व्यास १० म्हणजे त्रिज्या ५. कमानीचा सगळ्यात उंच बिंदू कर्णापासून ५ सेमीवर, म्हणजे लंब फार तर ५. आमचा ६ सेमीचा लंब कमान फोडून बाहेर जातो. आकृतीवर विश्वास नसेल त्याने बीजगणिताने पाहावं. काटकोनाच्या दोन बाजूंचा गुणाकार क्षेत्रफळाच्या दुप्पट, म्हणजे ६०. त्यांच्या वर्गांची बेरीज पायथागोरसच्या हुकमाने १००. मग त्यांच्यातल्या फरकाच्या वर्गाची किंमत १०० वजा १२०, म्हणजे उणे २०. वर्ग उणा आला की समजावं, आपण सोडवत होतो ते गणित नव्हतंच.

खरं तर या त्रिकोणाशी माझी जुनी ओळख. रशियन गणिती व्लादिमीर अर्नोल्ड याचीच गोष्ट सांगत. अमेरिकेतली मुलं परीक्षेत वर्षानुवर्षं ३० लिहून गुण मिळवत होती. मग मॉस्कोहून शिकून आलेली मुलं परीक्षेला बसली आणि त्यांना काही हे 'सोडवता' येईना. गोष्टीत मीठमसाला किती ते अर्नोल्डच जाणोत, पण मी ती प्रत्येक लग्नात सांगते. पंगतीत माझ्या शेजारचं पान बहुधा त्यामुळेच रिकामं असतं.

आता लग्नाचा विषय निघालाच आहे तर जहाजाच्या कप्तानाचीही सांगते. १८४० च्या दशकात फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरने आपल्या बहिणीला थट्टेने एक गणित पाठवलं. बॉस्टनहून निघालेलं जहाज, त्यात कापूस, इतके उतारू, वारा अमुक दिशेचा, महिना मे. तर कप्तानाचं वय काय? बहिणीने काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. माझ्या भावाने असं गणित घातलं असतं तर मी नक्की काहीतरी उत्तर दिलं असतं, कारण त्याच्यापुढे 'येत नाही' म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. पुढे १९८० च्या सुमारास फ्रान्समध्येच ग्रनोबलच्या संशोधकांनी ही थट्टा शाळेत नेली. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तान किती वर्षांचा? ९७ लहान मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांतूनच वय काढून दिलं. २६ आणि १० म्हणजे ३६. वय कसं शोभून दिसतं! मेंढ्यांचा वयाशी काय संबंध, हे विचारायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्या उरलेल्या २१ जणांना भेटायचंय. तीही आता पन्नाशीच्या आसपास असतील आणि लग्नात त्यांच्याही शेजारचं पान रिकामं असेल.

असो. चूक दिसली म्हणून लगेच छापखान्यावर घसरायचं नसतं. फोटोतल्या गणिताची आधी फोटोपुरती चौकशी करावी लागते. दशांशचिन्ह सावलीत बुडतं, घातांक पुसट होतो, उणे चिन्ह पानाच्या घडीत जातं, आणि अर्धी माहिती मागच्या पानावर 'वरील आकृतीत' म्हणून बसलेली असते. इथे तर सहाच्या जागी ४.८ असतं तर सगळं सुरळीत होतं; बाजू ६ आणि ८ निघाल्या असत्या. म्हणून मी कळवलं, 'पान सपाट ठेव, वरून उजेड घे, आकृतीसकट सगळं पान पाठव.'

दुसरा फोटो आला. छपाई स्वच्छ होती, ६ म्हणजे ६ च. आकृतीत मात्र तो ६ लंब आणि डावी बाजू यांच्या मधोमध तरंगत होता. बाजूचा आकडा घसरून लंबाला चिकटला असणार आणि प्रश्न लिहिणाऱ्याने तो लंबाचाच धरला असणार. बाजू ६, कर्ण १०, तर दुसरी बाजू ८ आणि क्षेत्रफळ २४.

पण फोटोच्या कडेला तिची वहीही आली होती. तीत कर्ण आखलेला, कंपासच्या टोकाची भोकं, आणि वरच्या बाजूला इतकं खोडलेलं की कागद विरून पलीकडची ओळ दिसत होती. मी फोन केला. "दुपारपासून आकृतीच जमत नाहीये गं आत्या," ती म्हणाली. "सगळ्यांचं तीस आलंय. मीच ढ आहे ना?"

माझा पाट तिथल्या तिथे मोडला. अख्ख्या वर्गात हिनेच त्रिकोण खराखुरा काढून पाहिला होता, आणि ढ ठरली होती तीच. छापलेलं चुकू शकतं हे आपण मुलांना सांगतच नाही. मग पुस्तकाची चूक त्यांच्या अंगावर पडते आणि ती गुपचूप खोडरबर घासत बसतात. मला त्या ३० चा नाही, त्या विरलेल्या कागदाचा राग आला.

त्या रागात मी बाईंना चिठ्ठी लिहायला घेतली. पहिल्या मसुद्यात अर्नोल्ड होते, दुसऱ्यात कप्तान. दोन्ही वाचून वहिनी म्हणाली, "वन्सं, शाळेत पोरीला जायचंय, तुम्हाला नाही." मग जे उरलं ते भाचीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'बाई, कर्ण १० असताना लंब ५ पेक्षा मोठा येत नाही, आकृती सोबत काढली आहे. ६ ही बाजू असेल तर उत्तर २४ येतं. कृपया पुस्तक एकदा पाहाल का?' खाली अर्धवर्तुळ, स्वच्छ, एकदाही न खोडलेलं.

बाई भल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर सूचना आली : 'प्रश्न ४ मध्ये ६ सेमी ही बाजू समजावी. चूक लक्षात आणून दिल्याबद्दल' आणि पुढे भाचीचं नाव. मी सूचना पुन्हा पुन्हा वाचली. माझं नाव कुठेही नव्हतं. ही मात्र छपाईचीच चूक असणार.